आईबाबांच्या मेडिक्लेमचा हप्ता क्लेमनंतर ४० टक्के वाढला. कंपनीला नेमकं काय विचारू?

गोदाकाठची
आईबाबा नाशिकला असतात, मी ठाण्यात. दोघांची मिळून एक फ्लोटर पॉलिसी आहे, सम इन्शुअर्ड १० लाख. बाबा ६१, आई ५५. पावसाळ्यात बाबांची अँजिओप्लास्टी मुंबईत झाली, एक स्टेंट बसला. बिल कॅशलेस झालं, पुढच्या औषधांची आणि तपासण्यांची बिलं मी इथून कुरिअरने पाठवली, तीही बरीचशी मंजूर झाली. कंपनीबद्दल तोवर काही तक्रार नव्हती.

आता रिन्यूअलची नोटीस आली आहे. गेल्या वर्षी ५०,९७६ रुपये भरले होते, या वर्षी ७१,५३९ मागताहेत. कॉल सेंटरला फोन केला तर मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचा क्लेम झालाय ना, म्हणून." वर "सिस्टिममधूनच येतं, कमी करता येत नाही" हेही. बाबांच्या मनात आता बसलंय की आपल्या दुखण्यापायी हा भुर्दंड पडला. पॉलिसीच बंद करू म्हणतात.

मला भांडायचं नाहीये. याच कंपनीकडे पुढची अनेक वर्षं राहावं लागेल असं दिसतंय, कारण स्टेंट असलेल्या माणसाला दुसरं कोण घेणार? पण वीस हजार का वाढले हे तरी कळायला हवं, आणि त्यातलं काही कमी करून घेता येतं का? रिन्यूअलला अजून दोन महिने आहेत.

सडेतोड
सरळ लूट आहे ही. ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा नाही असा विमा नियामक आयआरडीएआयचा आदेश आहे, जानेवारी २०२५ चा. बाबा ६१ म्हणजे ज्येष्ठ नागरिक. ४० टक्के वाढ बेकायदेशीर! मेल वगैरे लिहीत बसू नका, थेट ग्राहक मंचात जा.

स्विफ्टवाला
माझंही असंच झालं होतं. बंपर आणि दरवाजाचा क्लेम घेतला आणि पुढच्या वर्षी ५० टक्के नो क्लेम बोनस एकदम शून्य. आठ-नऊ हजारांच्या कामासाठी त्याहून जास्त बोनस घालवला. पुढच्या वेळी एनसीबी प्रोटेक्टर घेऊन ठेवा ताई, छोटे क्लेम करूच नका.

गोदाकाठची
@स्विफ्टवाला, अहो हा आरोग्य विमा आहे, गाडीचा नाही. अँजिओप्लास्टी खिशातून कशी करणार?

स्विफ्टवाला
अरे हो की. शीर्षकात क्लेम वाचला आणि सुटलो. बाबांना आराम पडो.

निवृत्त कारकून
मी एका सरकारी जनरल विमा कंपनीत नोकरी केली, शेवटची काही वर्षं तक्रार विभागात होतो. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट बाबांना सांगा: आरोग्य विम्यात एका माणसाने क्लेम केला म्हणून त्याच माणसाचा दर चढवायचा नाही, असा नियम जुना आहे. वाढ करायची तर त्या योजनेतल्या सगळ्यांसाठी, दरपत्रक बदलून करावी लागते. क्लेम केला या कारणावरून रिन्यूअल नाकारता येत नाही, आणि सम इन्शुअर्ड वाढवून मागितली नाही तर आजार बघून नव्याने छाननीही करता येत नाही. तेव्हा "क्लेम झाला म्हणून" हे कॉल सेंटरचं उत्तर कंपनीचं अधिकृत उत्तर असू शकत नाही. त्या मुलीच्या पडद्यावर कारण दिसतच नसतं, तिला रक्कम दिसते.

क्लेमचा हप्त्यावर थेट परिणाम होतो तो एकाच वाटेने. आधीची वर्षं क्लेम नसल्याबद्दल हप्त्यात सूट मिळत असेल, तर ती जाते. काही योजनांत सूट नसते, त्याऐवजी सम इन्शुअर्ड वाढत जाते. तिथे ती वाढ कमी होते किंवा थांबते, हप्ता हलत नाही. तुमच्या गेल्या वर्षीच्या पॉलिसी शेड्यूलवर 'नो क्लेम डिस्काउंट' अशी ओळ आहे का बघा.

बाकीची वाढ कुठून आली ते शोधायचं. तीन कागद काढा. गेल्या वर्षीचं शेड्यूल, या वर्षीची नोटीस, आणि कंपनीच्या वेबसाइटवर त्या योजनेच्या पानावर असलेलं हप्त्यांचं कोष्टक. तिन्हींवर यूआयएन, म्हणजे योजनेचा ओळख क्रमांक, छापलेला असतो, लांबलचक अक्षरं आणि आकडे. त्यात व्ही आणि पुढे दोन आकडे असतात, ती आवृत्ती. गेल्या वर्षी आणि या वर्षी तो आकडा वेगळा असेल तर मधल्या काळात योजनेत बदल झालाय. सारखा असला तरी दर बदलले नाहीत असं मात्र धरू नका, कोष्टकाची तारीख बघा.

@सडेतोड, १० टक्क्यांचं तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे. त्यावर नंतर येतो.

हिशेबनीस
काका कागद काढायला सांगताहेत, पण तुलना करताना एक खड्डा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य झाला. गेल्या वर्षीच्या ५०,९७६ मध्ये १८ टक्के कर आहे. तो काढला की मूळ हप्ता ४३,२००. या वर्षीचे ७१,५३९ मात्र करमुक्त आहेत, त्यामुळे पूर्ण रक्कम कंपनीची.

म्हणजे खरी वाढ ४० नाही, साधारण ६६ टक्के आहे. ताईंना घाबरवायचं नाहीये, पण कंपनीला मेल लिहाल तेव्हा ४३,२०० ची ७१,५३९ शी तुलना करा. नाहीतर करमाफीने बरीच वाढ झाकली जाते. नोटिशीत चुकून जीएसटी लावला नाहीये ना तेही एकदा बघून घ्या.

गोदाकाठची
हिशेबनीस, हे डोक्यातच आलं नव्हतं. नोटिशीवर जीएसटी शून्यच आहे.

शेड्यूल सापडलं. गेल्या वर्षी मूळ हप्ता ४८,०००, त्यातून नो क्लेम डिस्काउंट १० टक्के म्हणजे ४,८०० वजा, म्हणून ४३,२००. यूआयएनमधला आवृत्तीचा आकडा बदललाय. कोष्टकात वयाचे गट आहेत, ५६ ते ६०, मग ६१ ते ६५. बाबा मार्चमध्ये ६१ चे झाले. फ्लोटरला मोठ्या सदस्याचं वय धरतात असं लिहिलंय. मेलबॉक्समध्ये जुनं कोष्टकही मिळालं, त्यात ६१ ते ६५ ला ५७,६०० आहे. नव्यात त्याच गटाला दोन आकडे दिसतात, ६२,२०८ आणि ७१,५३९. दोन का, ते कळत नाही.

निवृत्त कारकून
उत्तम काम केलंत. दोन आकडे झोनचे असणार. बऱ्याच कंपन्या शहरांचे झोन पाडतात. मुंबई, ठाणे, दिल्ली, अहमदाबाद अशी महागडी शहरं पहिल्या झोनमध्ये आणि बाकीची खाली, यादी कंपनीगणिक वेगळी. नाशिक तुमच्या योजनेत कुठे आहे ते कोष्टकाच्या तळटिपेत मिळेल.

आता नोटिशीवरचा पत्ता बघा. पिनकोड कुठला आहे?

गोदाकाठची
काका!! नोटिशीवर माझा ठाण्याचा पत्ता आहे. ४००६ ने सुरू होणारा पिनकोड. गेल्या वर्षीच्या शेड्यूलवर नाशिकचा ४२२ वाला होता. आम्ही पत्ताबदलाचा अर्ज कधीच केलेला नाही.

निवृत्त कारकून
औषधांची बिलं तुम्ही ठाण्याहून पाठवलीत. क्लेम फॉर्मवर पत्रव्यवहारासाठी तुमचा पत्ता टाकला असणार, आणि कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या टीपीएने किंवा कंपनीने तो पॉलिसीच्या मूळ नोंदीत चढवला. असं होतं. तेव्हा क्लेममुळे हप्ता वाढला हे एका परीने खरं निघालं, पण मुलीला वाटलं त्या अर्थाने नव्हे.

आता तुमचे आकडे एका धाग्यात ओवू. ४३,२०० वरून सुरुवात. सूट गेली, ४,८०० वाढले, झाले ४८,०००. बाबा पुढच्या वयोगटात गेले, जुन्या दरानेच ९,६०० वाढले, झाले ५७,६००. दरपत्रक बदललं, आठ टक्के म्हणजे ४,६०८ वाढले, झाले ६२,२०८. आणि झोन बदलला म्हणून ९,३३१, झाले ७१,५३९. पैसान् पैसा जुळतो. लोडिंगची वेगळी ओळ नाही म्हणजे आजारपणाचा दंड कुणी लावलेला नाही. बाबांना हे दाखवा.

यातली पहिली रक्कम परत मिळणार नाही, ती पॉलिसीच्या अटीतच आहे. वयोगटाची वाढही कोष्टकात आधीपासून छापलेली होती. आठ टक्के सगळ्यांनाच लागले असतील तर तुमच्या एकट्यासाठी कमी होत नाहीत. विमा कंपनीला छापील दरात मर्जीने सूट देता येत नाही, हे लक्षात ठेवा. घासाघीस करायला हा भाजीबाजार नाही. झोनचे ९,३३१ मात्र तुम्ही पुराव्यानिशी मागू शकता.

सडेतोड
पण काका, वयोगट बदलला म्हणून एका फटक्यात २० टक्के, त्यावर आठ, हे मिळून १० च्या वर जातंच ना? आदेशात "वर्षाला १० टक्के" असं आहे. कारण काहीही असो.

निवृत्त कारकून
आदेश ३० जानेवारी २०२५ चा, ६० आणि त्यापुढच्या लोकांसाठी. १० टक्क्यांवर वाढ करायची असेल तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी असं त्यात आहे. सरसकट बंदी नाही. कंपन्या त्याचा अर्थ दरपत्रकातली वाढ असा लावतात, आणि वयोगटाची पायरी त्यात धरत नाहीत, कारण ती योजना मंजूर झाली तेव्हापासूनच कोष्टकात असते. मला व्यक्तिशः हा अर्थ पटण्यासारखा वाटतो, पण तो शेवटचा शब्द आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून मेलमध्ये वाद घालू नका, प्रश्न विचारा. लेखी उत्तर मिळालं की पुढे जायला काहीतरी हातात राहतं.

सडेतोड
मला नाही पटत. ज्याच्या खिशातून जातात त्याला पायरी आणि दर वेगळे नसतात. पण ठीक, विचारा.

सोलापूरकर
मी एजंट आहे, शिव्या खायची सवय आहे, तेव्हा मोकळेपणाने लिहितो. मेल कुणाला आणि कसा, यावर बरंच अवलंबून असतं. "लूट", "फसवणूक", "सोशल मीडियावर टाकेन" हे शब्द आले की मेल सरळ तक्रारीच्या रांगेत जातो आणि तिथून साचेबद्ध उत्तर येतं: "हप्ता योजनेच्या अटींनुसार आहे." त्यापेक्षा ग्राहक सेवेला माहितीची विनंती म्हणून लिहा, पॉलिसी क्रमांक विषयातच टाका, आणि आकडी उत्तर येईल असेच प्रश्न विचारा. "का वाढला" या प्रश्नाला कुणीही गोलगोल उत्तर देऊ शकतो. "वयोगटाचे किती, झोनचे किती" म्हटलं की कुणाला तरी अंडररायटिंगकडे फाइल पाठवावीच लागते.

सोबत बाबांचं आधार आणि नाशिकचं वीजबिल जोडा. फोन केलात तर सर्व्हिस रिक्वेस्ट क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. एजंटमार्फत पॉलिसी असेल तर त्यालाही मेलच्या प्रतीत ठेवा. त्याला कमिशन मिळतं, थोडी धावपळ करू दे.

गोदाकाठची
सगळ्यांच्या सूचना धरून हा मेल लिहिलाय. बाबांच्या नावाने, त्यांच्याच मेलवरून पाठवणार. कुठे खटकतंय का सांगा.

> विषय: पॉलिसी क्र. … च्या नूतनीकरणाच्या हप्त्याची फोड मिळणेबाबत
>
> महोदय,
> माझ्या क्लेमची रक्कम आपण वेळेत दिलीत, त्याबद्दल आभार. नूतनीकरणाच्या नोटिशीत हप्ता ७१,५३९ रुपये आहे. गेल्या वर्षी कर वगळून तो ४३,२०० रुपये होता. पुढील बाबी लेखी कळवाव्यात.
>
> १. वाढलेल्या २८,३३९ रुपयांपैकी नो क्लेम डिस्काउंट गेल्यामुळे, वयोगट बदलल्यामुळे, दरपत्रक बदलल्यामुळे आणि झोन बदलल्यामुळे प्रत्येकी किती रक्कम वाढली?
> २. माझ्या क्लेममुळे किंवा आजारामुळे कोणतेही लोडिंग लावले आहे का?
> ३. ज्येष्ठ नागरिकांच्या हप्त्याबाबत आयआरडीएआयच्या ३० जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार ही वाढ कशी मोजली आहे?
> ४. नोटिशीवर ठाण्याचा पत्ता आहे. मी नाशिकचा रहिवासी असून पत्ता बदलण्याचा अर्ज केलेला नाही. पुरावे सोबत जोडले आहेत. पत्ता व झोन दुरुस्त करून सुधारित नोटीस द्यावी.
>
> नूतनीकरण वेळेत करायचे असल्याने उत्तर लवकर मिळावे ही विनंती.

निवृत्त कारकून
छान आहे. क्लेम दिल्याचे आभार पहिल्याच ओळीत आहेत ते राहू द्या. वाचणाराही माणूसच असतो, आणि त्याच्या दिवसातला तो बहुधा एकमेव आभाराचा मेल असतो.

चौदा दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गोलमाल आलं, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला हाच मेल पुढे पाठवा. मग आयआरडीएआयचं 'बीमा भरोसा' पोर्टल आहे, फोन १५५२५५. कंपनीकडे लेखी तक्रार करून महिना उलटला आणि समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. पण लोकपाल दर ठरवून देत नाहीत, पॉलिसीच्या अटींप्रमाणे हप्ता लावला की नाही एवढं बघतात. झोनचा मुद्दा तिथे टिकेल. आठ टक्के जास्त वाटतात हा टिकणार नाही.

@सडेतोड, ग्राहक मंच आहेच, पण दोन महिन्यांत रिन्यूअल असलेल्या माणसाला तो उपयोगाचा नाही. तक्रार चालू असतानाही हप्ता वेळेत भरायचा, मेलमध्ये "हरकत राखून" असं लिहून. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, पण ती मोजून वापरायची गोष्ट नाही. पॉलिसी तुटली तर बाबांनी पूर्ण केलेला आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ पाण्यात जातो.

मृण्मयी
मला एक कळत नाहीये. आमच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत आईवडिलांचा हप्ता आम्हीच भरतो, आणि एचआरने स्पष्ट मेल केला की गेल्या वर्षी पालकांचे क्लेम खूप झाले म्हणून या वर्षी ३५ टक्के वाढ. शिवाय जीएसटीही लावलाय. मग हे बेकायदेशीर का?

निवृत्त कारकून
नाही. ग्रुप पॉलिसीचा भाव दर वर्षी त्या गटाच्या क्लेमवरूनच ठरतो, तिथे कंपनी आणि तुमचं ऑफिस यांच्यात खरीखुरी बोलणी होतात. करमाफीही वैयक्तिक पॉलिसींना आहे, ग्रुपला नाही. ग्रुपमध्ये तुम्हाला विमा कंपनीशी नाही, एचआरशी बोलावं लागेल. पालकांसाठी को-पे, म्हणजे बिलाचा ठरावीक हिस्सा स्वतः भरायची अट, ठेवून हप्ता कमी करता येईल का ते विचारा.

मृण्मयी
को-पे आधीच २० टक्के आहे. असो, कळलं. धाग्याला अवांतर झालं, सॉरी.

गोदाकाठची
उत्तर आलं! आधी नेहमीचा साचा आला होता, "हप्ता अटींनुसार आहे". त्याला सोलापूरकरांनी सांगितल्याप्रमाणे फक्त "प्रश्न १ ते ४ ची क्रमवार उत्तरं मिळावीत" एवढंच उत्तर दिलं. मग एका बाईंचा फोन आला, अगदी नीट बोलल्या, आणि नंतर मेल.

फोड काकांनी मांडली तीच. लोडिंग शून्य, असं लेखी दिलंय. पत्ता क्लेमच्या वेळी बदलला गेल्याचं मान्य केलं, नाशिक धरून सुधारित नोटीस ६२,२०८ ची. १० टक्क्यांच्या प्रश्नावर एवढंच की "वयोगटातील बदल दरवाढीत समाविष्ट नाही". सडेतोड, तुमच्यासाठी ते वाक्य जसंच्या तसं दिलंय.

बाबा मेल दोनदा वाचून म्हणाले, "म्हणजे माझ्या हृदयाचे काही लावलेले नाहीत." पॉलिसी बंद करायचं आता बोलत नाहीत.

सोलापूरकर
अभिनंदन. पण थांबा, पैसे भरायच्या आधी पॉलिसीच्या अटींत झोनचा परिच्छेद वाचा. काही योजनांत खालच्या झोनचा हप्ता भरून वरच्या झोनच्या शहरात उपचार घेतले तर बिलाचे १० किंवा २० टक्के स्वतः भरावे लागतात. बाबांचे डॉक्टर मुंबईचे. पुढची तपासणी, देव न करो पुढचा स्टेंट, मुंबईतच होणार ना?

गोदाकाठची
अरे देवा. आहे. "वरच्या झोनमध्ये उपचार घेतल्यास प्रत्येक क्लेमवर १० टक्के को-पे." पण मग या वेळी का कापले नाहीत?

निवृत्त कारकून
नव्या आवृत्तीत ही अट आली असेल. जुनी आणि नवी पॉलिसी वर्डिंग शेजारी ठेवून बघा. तसं असेल तर हे दरवाढीपेक्षा मोठं आहे, कारण नोटिशीच्या आकड्यात ते दिसत नाही. 'योजनेत झालेल्या बदलांची यादी द्या' अशी एक ओळ आता पाठवा.

आणि मग हिशेब करा. नाशिक झोनने ९,३३१ वाचतात. तीन लाखांचं बिल मुंबईत झालं तर ३०,००० तुमचे. तीन-साडेतीन वर्षांतून एकदा असं बिल झालं तर बरोबरी. काही कंपन्या जादा पैसे भरून वरचा झोन निवडू देतात. तोही पर्याय विचारा, म्हणजे पत्ता खरा राहील आणि झोन मुंबईचा. ठाण्याचा खोटा पत्ता ठेवून भागवू नका, क्लेमच्या वेळी तेच बोट दाखवतील.

हिशेबनीस
आता खरी बोलणी सुरू होतात असं मला वाटतं. दर हलत नाही, पण पॉलिसीची रचना हलते. कंपनीला तीन कोटेशन मागा: ५०,००० डिडक्टिबलसह, म्हणजे बिलातले पहिले ५०,००० आपण भरायचे, आईबाबांच्या दोन वेगळ्या पॉलिसी, आणि दोन वर्षांचा हप्ता एकदम भरून.

गोदाकाठची
मागितली, आली. डिडक्टिबल घेतलं तर १८ टक्के कमी, ५१,०१० होतात. वेगळ्या पॉलिसी प्रत्येकी १० लाखांच्या: बाबांची ४१,५००, आईची २२,३००, मिळून ६३,८००. दोन वर्षं एकदम भरली तर थोडी सूट आणि मधल्या दरवाढीपासून सुटका, पण एवढी रक्कम एकदम काढणं या वर्षी जमणार नाही.

निवृत्त कारकून
डिडक्टिबलमध्ये वर्षाला ११,१९८ वाचतात आणि भरती झाल्यास ५०,००० तुमचे. साडेचार वर्षांत एकदाच अॅडमिट व्हावं लागलं तर बरोबरी. नुकताच स्टेंट बसलेल्या माणसासाठी मी हा जुगार खेळणार नाही. आईसाठी एक वेळ ठीक.

वेगळ्या पॉलिसी बघा बरं. फ्लोटरपेक्षा फक्त १,५९२ जास्त, आणि दोघांना मिळून १० ऐवजी स्वतंत्र १०-१० लाख. शिवाय बाबांच्या क्लेमने आईची सूट जाणार नाही. फ्लोटरमध्ये आईच्या वयालाही बाबांचाच दर लागत होता. अट एकच: दोघांचा आधीचा प्रतीक्षाकाळ आणि सलग वर्षं नव्या पॉलिसीत पूर्ण १० लाखांवर धरली जातील, आणि नव्याने मेडिकल होणार नाही, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. तोंडी "हो हो, कंटिन्युइटी मिळते" चालणार नाही. नाही म्हणाले तर फ्लोटरच बरी.

दोन गोष्टी मात्र कंपनीने सुचवल्या तरी करू नका. सम इन्शुअर्ड कमी करू नका, पुन्हा वाढवायला गेलात की बाबांची छाननी होईल. आणि खोलीभाड्याची मर्यादा असलेली स्वस्त योजना घेऊ नका. खोली महाग निघाली तर डॉक्टर, ऑपरेशन थिएटर सगळंच त्या प्रमाणात कापलं जातं.

सडेतोड
पोर्ट का करत नाहीत? एवढं सगळं करण्यापेक्षा कंपनीच बदला.

सोलापूरकर
अर्ज करायला हरकत नाही, पण रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी, आणि नवी कंपनी घेतेच असं नाही. अँजिओप्लास्टी लिहिल्यावर बऱ्याच ठिकाणी नकार येतो. माझ्या एका ग्राहकाला घेतलं, पण लोडिंग लावून. नवीन कंपनीला ते लावता येतं, जुनीला नाही. हा फरक लोकांना कळत नाही. आईसाठी एकटीचा पोर्ट सहज होईल, तिला काही आजार नसेल तर.

गोदाकाठची
आईला थायरॉइडची गोळी आहे, बाकी काही नाही. ४५ दिवसांची मुदत याच आठवड्यात संपतेय, तेव्हा तिच्यासाठी एका ठिकाणी चौकशीचा अर्ज टाकून ठेवते.

योजनेतल्या बदलांच्या यादीचं उत्तर अजून आलेलं नाही. वेगळ्या पॉलिसीच्या कंटिन्युइटीबद्दल त्या बाई म्हणाल्या की मिळेल, मी लेखी मागितलंय, तर "अंडररायटिंगला विचारून कळवते" म्हणाल्या. झोन निवडायचा पर्याय त्यांच्याकडे आहे, जादा रक्कम ९,३३१ च, पण पत्ता नाशिकचाच राहील आणि को-पे लागणार नाही. बाबांचा कल त्याकडे आहे. आई म्हणते नाशिकमध्येही अँजिओप्लास्टी होते, मुंबईला जायचंच कशाला. घरात आता त्यावर वाद चालू आहे.

स्विफ्टवाला
आईंचा मुद्दा बिनतोड आहे.

निवृत्त कारकून
डॉक्टर कोणता ठेवायचा ते विम्यावरून ठरवू नका, विमा डॉक्टरवरून ठरवा. कंटिन्युइटीचं पत्र आलं की इथे टाका, कोणत्या शब्दांत लिहिलंय ते बघू. 'विमा रकमेच्या मर्यादेपर्यंत' असं असेल तर ती रक्कम किती, हा आकडा पत्रात असायला हवा.